प्रिंट टाकलं की पळून जाणारा दोष: पाण्याच्या पंपाच्या पॅनेलचं प्रकरण

भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात सोसायट्यांसाठी पंप कंट्रोलर बनतो. खालच्या टाकीत पाणी आहे का, वरची टाकी भरली का, मोटर कोरडी चालतेय का, एवढं बघायचं आणि काँटॅक्टर चालू-बंद करायचा. मोटर कोरडी चालतेय हे करंटवरून कळतं. तो करंट पॅनेलमधल्या तयार एनर्जी मीटरकडून आरएस-४८५ वर, मॉडबस आरटीयूने, ९६०० बॉडला विचारला जातो. कंट्रोलर म्हणजे STM32F103, कॉर्टेक्स-एम३ गाभा, २० केबी रॅम. ऑपरेटिंग सिस्टीम नाही, एकच मुख्य लूप. फर्मवेअर आधीच्या कंत्राटदाराने लिहिलेलं होतं, मला बोलावलं ते तक्रार आल्यानंतर.

तक्रार वाकडच्या एका सोसायटीतून आली होती. पंप मध्येच बंद पडतो आणि काही सेकंदांत स्वतःहून पुन्हा चालू होतो. कधी दिवसातून एकदा, कधी दोन दिवस काहीच नाही. टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या सोसायटीत पंप असा थांबला की वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळे फोन करतात. कंट्रोलर रीसेट होतोय एवढं उघड होतं. सुरू होताना `RCC_CSR` रजिस्टरमधला `IWDGRSTF` बिट तपासला तर रीसेट वॉचडॉगने केलाय हेही कळलं. म्हणजे कार्यक्रम कुठेतरी अडकत होता आणि वॉचडॉग त्याला उठवत होता. कुठे अडकत होता, हा खरा प्रश्न.

प्रिंटने काय दाखवलं

बोर्डवर डीबगसाठी वेगळा सिरियल पोर्ट होता, १,१५,२०० बॉडचा. टीममधल्या ज्युनियर मुलीने रीत धरून काम केलं. मुख्य लूपच्या प्रत्येक टप्प्यावर एक छोटी ओळ छापली आणि रीसेटच्या आधीची शेवटची ओळ कोणती ते पाहिलं. ती बहुतेक वेळा मीटरच्या फंक्शननंतरची निघाली. म्हणून तिने `modbus_poll()` च्या आतच, टाइमआउटच्या फांदीत, एक मोठी ओळ टाकली: वेळ, मीटरचा क्रमांक, किती बाइट बाकी आहेत, आणि बफरमध्ये जे काही आलंय ते सगळं हेक्समध्ये. ओळ साधारण ९५ अक्षरांची झाली.

त्या दिवसापासून दोष बंद.

“सर, प्रिंट टाकल्यापासून एकदाही रीसेट नाही,” ती म्हणाली. तिच्या सुरात आनंद नव्हता, हे मला आवडलं. प्रॉडक्शनच्या साहेबांना मात्र उत्तर सापडलं होतं. “मग ठेवा की प्रिंट तसंच. ग्राहकाला काय दिसणारे?” असं फर्मवेअर बाजारात गेलेलं मी पाहिलंय. कोणीतरी एक दिवस कोड नीटनेटका करताना ती ओळ काढतो आणि जुनं दुखणं वर येतं.

प्रिंट टाकल्यावर दोष जातो, याचा अर्थ प्रिंटने काहीच सांगितलं नाही असा नाही. दोष वेळेशी किंवा स्टॅकच्या मांडणीशी बांधलेला आहे, हे त्याने सांगितलं. १,१५,२०० बॉडला एक अक्षर म्हणजे १० बिट, म्हणजे सुमारे ८७ मायक्रोसेकंद. ९५ अक्षरांना सव्वाआठ मिलिसेकंद लागतात, आणि इथलं प्रिंट थांबून राहणारं होतं: शेवटचं अक्षर बाहेर पडेपर्यंत फंक्शन परत येत नाही. ७२ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरला सव्वाआठ मिलिसेकंद म्हणजे जवळपास सहा लाख घड्याळी ठोके. एवढा वेळ एका विशिष्ट जागी थांबल्यावर दोष जातो, हे सूत्र धरून पुढे जायचं होतं.

डीबगर जोडला, तर पहिली अडचण वॉचडॉगची

बोर्डवर SWD चे पॅड होते. तपकीर गल्लीतून आणलेला साधा एसटी-लिंक, OpenOCD आणि GDB, एवढी सामग्री पुरली. पण वॉचडॉग चालू असताना प्रोसेसर थांबवला की थोड्या वेळात चिप रीसेट होते आणि हातातलं सगळं जातं. वॉचडॉग कोडमधून काढून टाकला तर तपासायचं फर्मवेअरच बदलतं. त्यापेक्षा चिपला सांगता येतं की गाभा थांबलेला असेल तेव्हा वॉचडॉगही थांबव. STM32F103 मध्ये त्यासाठी `DBGMCU_CR` रजिस्टरचा आठवा बिट आहे.

```
(gdb) monitor reset halt
(gdb) monitor mww 0xE0042004 0x00000100
(gdb) break *HardFault_Handler
(gdb) continue
```

ब्रेकपॉइंटमधली चांदणी महत्त्वाची. नुसतं नाव दिलं तर GDB फंक्शनच्या सुरुवातीच्या एकदोन सूचना ओलांडून थांबतो, तोवर स्टॅक पॉइंटर हललेला असू शकतो. चांदणी दिली की अगदी पहिल्या सूचनेवर थांबतो. आणि ब्रेकपॉइंट इथेच का? कारण या फर्मवेअरमध्ये हार्डफॉल्टचा हँडलर म्हणजे नुसता रिकामा अनंत लूप होता. कुठलाही गंभीर फॉल्ट झाला की प्रोसेसर तिथे फिरत बसणार आणि वॉचडॉग त्याला रीसेट करणार. बाहेरून दिसणाऱ्या लक्षणाशी हे जुळत होतं.

टाइमआउटमधली मोठी ओळ काढली, बेंचवर खरा मीटर जोडला, रात्रभर चालू ठेवलं. सकाळी GDB थांबलेला होता.

```
(gdb) x/8xw $sp
0x20004f18: 0x00000000 0x40005400 0x00000002 0x00000000
0x20004f28: 0x00000000 0x08002c6b 0x40043a1e 0x61000000
(gdb) x/1xw 0xE000ED28
0xe000ed28: 0x00000001
```

फॉल्ट होताना कॉर्टेक्स-एम३ आठ शब्द स्वतःहून स्टॅकवर ठेवतो: R0 ते R3, R12, LR, PC आणि xPSR. सातवा शब्द PC, म्हणजे प्रोसेसर कुठली सूचना चालवायला निघाला होता तो पत्ता. तो निघाला `0x40043a1e`. फ्लॅश `0x08000000` पासून सुरू होते. `0x40000000` पासून पुढे पेरिफेरलचा भाग आहे आणि तिथून सूचना चालवायला मनाईच आहे. खालचं `0x00000001`, म्हणजे फॉल्टचं कारण नोंदवणाऱ्या रजिस्टरमधला आकडा, नेमकं तेच सांगतं: सूचना उचलण्यात प्रवेशाचा भंग.

आता त्या पत्त्याकडे नीट बघा. खालचा अर्धा भाग `3a1e`. `0x08003a1e` हा पत्ता विचारला तर GDB सांगतो, तो `event_log()` च्या पोटातला, `eeprom_write()` च्या कॉलनंतरचा पत्ता आहे. म्हणजे परतीचा पत्ता मूळचा बरोबर होता. फक्त वरचे दोन बाइट, `0800` च्या जागी, कोणीतरी `4004` करून ठेवले होते. अर्धा पत्ता शाबूत आणि अर्धा बिघडलेला, हे स्टॅक संपल्याचं लक्षण नाही. कोणीतरी बाइट-बाइट लिहितंय. प्रिंट कितीही टाकली असती तरी ही खूण दिसली नसती, कारण ती दिसायला फॉल्टच्या क्षणाची मेमरी जशीच्या तशी हातात लागते.

एकेक पाऊल टाकलं, तर सगळं बरोबर

संशय `modbus_poll()` वर होताच. फांदी टाइमआउटची, प्रिंटने दोष जातो तोही तिथेच. मग त्या फंक्शनमध्ये ब्रेकपॉइंट लावून एकेक ओळ चालवत गेलो. प्रत्येक वेळी मीटरचं उत्तर पूर्ण, सीआरसी बरोबर. टाइमआउट एकदाही नाही.

डीबगर वापरणारे पुष्कळ जण इथे फसतात. फंक्शनमधला टाइमआउट सिस्टिकवर मोजला जात होता आणि गाभा थांबला की सिस्टिकही थांबतो. आपण ओळ वाचत बसतो तेव्हा कार्यक्रमाच्या हिशेबाने वेळ जातच नाही. मीटर मात्र भिंतीवरच्या घड्याळाने चालतो. तो आरामात उत्तर पाठवतो, आणि इकडे डीएमए, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता थेट रॅममध्ये लिहिणारा चिपचा भाग, ते उत्तर बफरमध्ये भरून ठेवतो, कारण डीएमए गाभ्याबरोबर थांबत नाही. पुढच्या पावलाला उत्तर हजर. म्हणजे एकेक पाऊल टाकणं हे या फंक्शनपुरतं प्रिंटइतकंच फसवं ठरलं.

म्हणून फंक्शनच्या आत थांबणं सोडलं आणि जिथे नुकसान होतं तिथे थांबायचं ठरवलं. फॉल्टची फ्रेम `0x20004f18` ते `0x20004f37` इथे होती, म्हणजे `eeprom_write()` परतल्यावर स्टॅक पॉइंटर `0x20004f38` ला असणार, आणि बिघडलेला परतीचा पत्ता त्याच्या लगेच खाली, `0x20004f34` ला. कॉर्टेक्स-एम३ मध्ये डेटावर नजर ठेवायला चार तुलनाकार असतात. त्यातला एक या पत्त्यावर लावला, जेणेकरून कोणी लिहिलं की गाभा थांबेल. जागा स्टॅकची असल्याने इतर फंक्शनंही तिथे सतत लिहितात, म्हणून वॉचपॉइंट `eeprom_write()` च्या सुरुवातीच्या ब्रेकपॉइंटवरून आपोआप लागेल असं केलं, तोही फक्त टाइमआउटची नोंद होत असताना.

फॉल्ट पुन्हा आला. वॉचपॉइंट गप्प.

या गप्प बसण्याचे दोन अर्थ निघतात. एक तर GDB ने वॉचपॉइंट लावेपर्यंत लिहून झालं होतं. किंवा लिहिणारा प्रोसेसर नव्हताच. हे तुलनाकार फक्त गाभ्याचे वाचन-लेखन पाहतात, डीएमएने रॅममध्ये लिहिलेलं त्यांना दिसतच नाही. यातलं खरं कोणतं, ते ठरवायला ब्रेकपॉइंट `push` सूचनेच्या अगदी पुढच्या सूचनेवर ठेवला. `push` परतीचा पत्ता LR मधून स्टॅकवर ठेवते, LR तसाच राहतो. तेव्हा दोन्ही सारखे असायला हवेत.

```
(gdb) p/x $lr
$1 = 0x8003a1f
(gdb) x/4xw $sp
0x20004f28: 0x00000003 0x20000148 0x00000002 0x40043a1f
```

LR मध्ये `0x08003a1f`, स्टॅकवर `0x40043a1f`. मध्ये एकही सूचना चाललेली नाही. प्रोसेसर थांबलेला असताना मेमरी बदलली होती. मग डीएमएची रजिस्टरं पाहिली. USART2 चं रिसीव्ह डीएमए-१ च्या सहाव्या चॅनेलवर येतं.

```
(gdb) x/4xw 0x4002006c
0x4002006c: 0x00000081 0x00000000 0x40004404 0x20004f34
```

पहिला शब्द म्हणतो चॅनेल अजून चालू आहे. तिसरा म्हणजे USART2 चं डेटा रजिस्टर. चौथा, जिथे लिहायचं तो पत्ता: `0x20004f34`. परतीच्या पत्त्याची तीच जागा.

नेमकं काय घडत होतं

`modbus_poll()` मध्ये नऊ बाइटचा बफर स्थानिक होता, म्हणजे स्टॅकवर. डीएमएला त्याचा पत्ता देऊन फंक्शन ५० मिलिसेकंद वाट बघायचं. उत्तर पूर्ण झालं नाही तर टाइमआउट देऊन परत यायचं, पण डीएमए बंद न करता. खानावळीत टेबल सोडून उठलो पण ऑर्डर रद्द केली नाही, तर मिसळ त्या टेबलावर आता बसलेल्याच्या पुढ्यात येणार, तसंच. ती जागा लगेच `eeprom_write()` ला मिळायची, कारण टाइमआउटची नोंद ईप्रॉममध्ये होत होती. ईप्रॉमचं एक लेखन पुरं व्हायला ५ मिलिसेकंदांपर्यंत लागतात. तेवढा वेळ परतीचा पत्ता स्टॅकवर उघडा.

९६०० बॉडला एक बाइट १.०४ मिलिसेकंदांचा. मीटरचं उत्तर होतं `03 04 04 40 90 00 00` आणि पुढे सीआरसीचे दोन बाइट. `40900000` म्हणजे ४.५ अँपिअर. दोन बाइट टाइमआउटच्या आत आले, फंक्शन परतलं, `eeprom_write()` ने त्यांच्यावर आपला पत्ता लिहिला, आणि मग तिसरा-चौथा बाइट, `04 40`, त्या पत्त्याच्या वरच्या अर्ध्यावर येऊन बसले. हेच ते `4004`.

आता प्रिंटचंही कोडं सुटतं. मोठी ओळ फंक्शनच्या आत, परतण्याआधी छापली जात होती. सव्वाआठ मिलिसेकंद बफर जिवंत राहायचा आणि उरलेले सात बाइट, ७.३ मिलिसेकंदांत, सुखरूप त्यातच पडायचे. पण प्रिंटने फट मिटवली नव्हती, फक्त पुढे सरकवली होती. प्रिंट नसताना उत्तर ४६ ते ५२ मिलिसेकंदांच्या दरम्यान सुरू झालं तर घात. प्रिंट असताना साधारण ५४ ते ६०. मीटर इतका उशीर क्वचितच करायचा.

हा हिशेब तपासायला दुसऱ्या एका बोर्डाला मीटर बनवलं. लॅपटॉप आणि यूएसबी कन्व्हर्टर इथे कामाचा नाही, त्याच्या वेळेत काही मिलिसेकंदांचा फरक पडतो आणि आपली फटच पाच-सहा मिलिसेकंदांची. उत्तराला ४७.५ मिलिसेकंदांचा उशीर दिला की दर वेळी `0x40043a1e` वर फॉल्ट. ६० दिला की मुक्त चालताना काही नाही, पण `eeprom_write()` मध्ये ब्रेकपॉइंट असेल तर जागेवर `0x40040403`, म्हणजे चारही बाइट उत्तराचे. गाभा थांबवल्याने फट हवी तितकी रुंद होते. प्रिंटने दोष लपवला आणि ब्रेकपॉइंटने तो न होणाऱ्या ठिकाणीही घडवला. दोन्ही साधनं तपासाच्या वस्तूला हात लावतातच. कोणतं कशाला हात लावतं, ते माहीत असलं की दोन्ही उपयोगी पडतात.

दुरुस्ती, आणि प्रिंटला परत बोलावणं

बफर `static` केला आणि टाइमआउटच्या वाटेवर चॅनेल बंद केला. पहिल्या चाचणीत फॉल्ट गेले, पण प्रत्येक टाइमआउटनंतरचं पुढचं उत्तर सीआरसीत नापास होऊ लागलं. हे डीबगरने नाही, साध्या प्रिंटने पकडलं: उत्तराच्या सुरुवातीला एक जादा बाइट दिसत होता. डीएमए बंद झाल्यावर उशिरा आलेला बाइट USART च्या डेटा रजिस्टरमध्ये पडून राहायचा आणि चॅनेल पुन्हा चालू होताच तोच पहिला उचलला जायचा. म्हणून नवा प्रश्न पाठवण्याआधी `SR` आणि मग `DR` वाचून टाकायचं.

```c
/* टाइमआउट */
DMA1_Channel6->CCR &= ~DMA_CCR_EN;

/* पुढच्या विनंतीआधी */
(void)USART2->SR;
(void)USART2->DR;
```

मीटर खरोखर किती उशीर करतो, हे मात्र वाकडलाच जाऊन पाहावं लागणार होतं, आणि तिथे डीबगर चालण्यासारखा नव्हता. मोटर चालू असताना गाभा थांबवला तर काँटॅक्टर तसाच ओढलेला राहतो, कोरड्या पंपापासूनचं संरक्षण झोपलेलं, आणि वॉचडॉगही आपणच गोठवलेला. तिथे काम प्रिंटचं, पण मोजून: प्रत्येक उत्तराच्या वेळेची कमाल रॅममध्ये ठेवायची, हा एका तुलनेचा खर्च, आणि पंप बंद असतानाच तासाला एक ओळ छापायची. काही तासांची कमाल ५० च्या वर निघाली. मीटरच्या पुस्तिकेत कमाल १०० लिहिलेलं होतंच. ५० हा आकडा आधी वापरात असलेल्या मीटरचा, मीटर बदलला तरी तसाच राहिलेला. टाइमआउट २०० केला.

रिकाम्या हार्डफॉल्ट हँडलरच्या जागी आता एक छोटा हँडलर आहे. तो फ्रेममधले आठ शब्द आणि `0xE000ED28` चा मजकूर रॅमच्या अशा भागात ठेवतो जो सुरुवातीला पुसला जात नाही. वॉचडॉगच्या रीसेटमध्ये रॅम टिकते, म्हणून बोर्ड उठल्यावर तीच माहिती सिरियल पोर्टवर एकदा छापता येते. हे केलं नसतं तर पुढच्या वेळी हात बांधलेलेच असते, कारण कारखाना विक्रीच्या बोर्डांवर फ्लॅशचं वाचन-संरक्षण चालू करून पाठवतो. STM32F103 वर ते चालू असलं की डीबगर जोडल्यावर फ्लॅश वाचता येत नाही, आणि ते काढायला गेलं की फ्लॅश पुसली जाते. सोसायटीच्या पंपघरात उभं राहून आपल्याकडे उरते ती सिरियलची एक वायर.